आठ नंबरच्या खाटेवरची सुई

फरहत सिस्टरची सुई दुखत नाही, पण तिनं वहीत केलेली नोंद जन्मभर दुखते, अशी टेंभाझरीच्या ट्रस्टच्या दवाखान्यात म्हणच पडली होती. म्हण पाडणारा वॉर्डातला मदतनीस बिरजू, आणि ती पाडायचा त्याला पूर्ण हक्क होता. हक्क कसा मिळाला ते सांगतोच, आधी बाईंची ओळख होऊ द्या.

फरहत जलालुद्दीन शेख, मूल गावची, वय सेहेचाळीस. बाप मूलच्या बाजारात बांगड्या भरायचा. भातगिरणीवर कामाला जाणाऱ्या बाया रांगेनं बसायच्या, हात पुढे करायच्या, आणि जलालुद्दीन मनगट पाहून माप सांगायचा. तोंडाकडे बघणं त्याच्या धंद्याच्या अदबीत बसत नव्हतं. पोरगी शेजारी बसून हेच शिकली. पुढे ती नर्स झाली तरी नजर बापाचीच राहिली. पेशंटचं तोंड ती दुसऱ्या दिवशी विसरायची, पण त्याची शीर कुठे सापडते हे तिला सहा महिन्यांनीही आठवायचं. तापानं सुकून गेलेल्या पोराच्या हाताला एका दमात सलाईन लावावं तर तिनंच. एकोणीस वर्षं ती त्या तीस खाटांच्या दवाखान्यात होती आणि इतकी वर्षं एका जागी राहिलेल्या माणसाला जो माज चढतो, तो तिला रीतसर चढला होता.

त्या साली, म्हणजे दोन हजार चारला, तिला मेट्रन करायचं घाटत होतं. ऑक्टोबरच्या शेवटी विश्वस्तांची बैठक होती. मेट्रनला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. फरहतची आई सलीमा मूलला एकटी राहायची, डोळ्यांनी अर्धी आंधळी, आणि लेकीच्या एका खोलीत राहायला नको म्हणायची. दुसऱ्या खोलीत आईची खाट कुठे टाकायची, हे फरहतनं मनात ठरवून टाकलं होतं. बैठकीतल्या चिवड्याच्या आधी आपलं नाव पुकारलं जाणार, अशी तिची खात्री होती.

आता वहीचं. दवाखान्याच्या डॉक्टर सत्यशीला, चंद्रपूरच्या. बाई बुटकी, आवाज बारीक आणि हट्ट बैलाचा. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एक निळी वही आणून वॉर्डाच्या खणात ठेवली आणि वर लिहिलं, ‘घटना नोंद’. औषध चुकलं, सलाईन संपून राहिलं, पेशंट खाटेवरून पडला, की त्यात लिहायचं. नियम चारच. डोळ्यांनी पाहिलं ते लिहा. हातांनी केलं ते लिहा. कानांनी ऐकलं तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. आणि डोक्यात आलं ते घरी घेऊन जा.

फरहतला ही वही फार आवडली, कारण तिचा समज असा झाला की ती दुसऱ्यांबद्दल लिहायची आहे. पहिलीच मोठी नोंद तिनं बिरजूवर केली. तीन नंबरच्या पेशंटचं सलाईन संपलं आणि अर्धा तास कोणी पाहिलं नाही. नळीत रक्त चढलं, सुई बदलावी लागली. फरहतनं दीड पान लिहिलं. त्यात बिरजू मूळचाच निष्काळजी होता, त्याचं चित्त क्रिकेटात होतं, आधीही त्यानं असंच केलं असावं आणि अशी माणसं ठेवली तर दवाखान्याला एक दिवस टाळं लागणार होतं. सत्यशीलाबाईंनी लाल पेन घेतलं आणि त्या दीड पानाची अशी काही कापणी केली की शेवटी दोन ओळी उरल्या. सलाईन दहा वीसला संपलं. दहा पन्नासला बिरजूनं पाहिलं.

“मॅडम, हे तं काहीच नाई राह्यलं,” फरहत म्हणाली होती.

“घडलं तेवढं राहिलं,” मॅडम म्हणाल्या.

पण मॅडमच्या लाल पेनाआधी ती दीड पानं अख्ख्या दवाखान्यानं वाचून घेतली होती. स्वयंपाकघरातल्या सोनीबाईला अक्षर येत नव्हतं, तिनं वाचून घेतली म्हणजे कोणाकडून तरी ऐकून घेतली. तेव्हापासून बिरजू फरहतशी कामापुरतं बोलायचा.

तर असो. ऑक्टोबरची तेरा तारीख, बुधवार. पुरुषांच्या वॉर्डात चौदा खाटा आणि अठरा पेशंट, कारण मलेरिया जोरात होता. सहाला रात्रपाळीच्या प्रियानं ड्यूटी दिली आणि फरहतनं घेतली. ड्यूटी द्यायची पद्धत अशी की नंबर वाचत जायचे. दोनचा ताप उतरला, पाचची लघवी मोजायची आहे, आठचं नाश्त्याआधी इन्सुलिन दहा युनिट. माणसांना नावं असतात हे दोघींनाही ठाऊक होतं, पण नंबरानं काम झटपट होतं आणि प्रियाला सव्वासहाची बस गाठायची होती. नाव विचारून औषध द्यायचं, हा नियम भिंतीवर लावलेला होता. लावला होता फरहतनंच, स्केचपेननं, खाली फूल काढून.

सहा पस्तीसला ती ट्रे घेऊन आठ नंबरला गेली. लाल घोंगडीत माणूस तोंडावरून पांघरून झोपला होता.

“आठ नंबर, हात काढा भाऊ.”

घोंगडीतून हात आला. फरहतनं दंडाला बोळा फिरवला, सुई टोचली, काढली आणि पुढे गेली. हात आला तेवढं तिला पुरलं. बापानंही बाजारात याहून जास्त काही पाहिलं नव्हतं.

सात वाजता चहा-पोहे आले. सात दहाला नऊ नंबरवरून आवाज आला, “ओ बाई, माही सुई राह्यली ना! चहा थंडा होऊन राह्यला, पिऊ का नको?”

हा मुन्ना. आठवडी बाजारात कापडाचं दुकान मांडणारा, साखरेचा जुना पेशंट, पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन आलेला. फरहत मान न वळवता म्हणाली, “झाली तुमची सुई, मुन्नाभाऊ. झोपेत असान.”

“झोपेत? सुई टोचली तं मेलेला माणूसबी उठते बाई. मले कोणी नाई टोचली.”

तेव्हा तिनं मान वळवली. मुन्ना नऊ नंबरवर बसला होता. मुन्नाची खाट आठ होती. फरहतनं ट्रे खाली ठेवला.

“तुमी तिथी काऊन बसले?”

“काल सांजच्याला बदलली ना खाट. तो कोलू त्या खाटेवर झोपाले तयारच नाई. परवा तिथं बुढा गेला नं, त्याच्याच गावचा. म्हणे, तो अजून उठला नाई खाटेवरून. म्या म्हटलं, ये बाबा माह्या जागी. तुमच्या गावचा बुढा मले ओळखतच नाई, मले काय करते? वरून नऊले खिडकी आहे.”

हे खरंच होतं. सोमवारी नऊ नंबरवर एक म्हातारा वारला होता. जंगलातल्या गावाहून रविवारी आलेला कोलू दोन दिवस व्हरांड्यात सतरंजीवर होता, त्याला मंगळवारी दुपारी ही रिकामी खाट दिली. मेलेल्याच्या खाटेवर, नीट निरोप दिल्याशिवाय, त्याच्या गावचं माणूस झोपत नाही. हे टेंभाझरीत शेंबड्या पोराला माहीत होतं आणि ज्या दवाखान्यानं खाट दिली त्याला माहीत नव्हतं. दोघांनी आपसांत मिटवलं. डोक्यावरची पाटी मात्र कोणी बदलली नाही आणि वॉर्डात कोणी विचारलंही नाही.

फरहतनं आठ नंबरची घोंगडी ओढली. कोलू. घामानं न्हालेला, डोळे अर्धे उघडे, ओठ थरथरणारे. मलेरिया, रविवारपासून क्विनाईन चालू, कालपासून गोळ्या, पोटात रात्रीपासून अन्नाचा कण नाही आणि वरून दहा युनिट इन्सुलिन.

बाईला माज होता, हे आधी सांगितलं. आता हेही सांगायला हवं की तिथून पुढची पंचेचाळीस मिनिटं तिनं ज्या हातांनी काम केलं, त्या हातांना सलामच करावा लागेल. “बिरजू, मॅडमले बोलाव, पळत!” बोटाला टोचून साखर पाहिली, चव्वेचाळीस. मॅडम क्वार्टरातून चपला न घालता आल्या तोवर शीर सापडली होती. मॅडमनी सांगितलं तसं पंचवीस टक्क्यांचं ग्लुकोज शंभर मिली हळूहळू शिरेतून गेलं. पंधरा मिनिटांनी साखर एकशे अठरा. कोलूनं डोळे उघडले आणि छताकडे पाहून काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणून राह्यला?” फरहतनं विचारलं.

बिरजूला गोंडी येत होती. तो म्हणाला, “इचारून राह्यला, बुढा इथीबी आला काय.”

फरहतला हसू आलं आणि लगेच रडू आलं, म्हणून तिनं सलाईनची चकती फिरवायला सुरुवात केली. दहा टक्क्यांचं ग्लुकोज चालू ठेवायचं, अर्ध्या तासानं साखर बघायची, मग तासातासानं, असं मॅडमनी सांगितलं. इन्सुलिन काही तास अंगात राहतं आणि क्विनाईनही साखर पाडू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत नजर हटवायची नाही. मुन्नाची साखर दोनशे साठच्या वर गेली होती. त्याला नाव विचारून, पाटी बदलून, सात पन्नासला त्याची सुई मिळाली. नाव विचारल्यावर तो म्हणाला, “एवढा गोंधळ माह्या नावानंच झाला आणि अजून नाव इचारता?”

कोलूची बायको सोमारी मागच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर कण्या शिजवत होती. तिला सांगायचं कोणी? मॅडम म्हणाल्या, मी सांगते, तुम्ही सोबत राहा. पण सोमारी समोर आली तेव्हा फरहतच बोलली, आणि बिरजूनं तिचं गोंडीत केलं. दुसऱ्याची सुई तुझ्या माणसाला दिली. मी दिली. त्यानं त्याच्या रक्तातली साखर उतरली. आता औषध दिलंय, तो बोलतोय, पण उद्यापर्यंत आम्ही दर तासाला बोट टोचणार आहोत.

सोमारीनं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं. बिरजू म्हणाला, “ती इचारते, त्याले कण्या देऊ का नको.”

“दे म्हणा,” मॅडम म्हणाल्या. “लगेच दे.”

दहाला कोलूची साखर परत अठ्ठावन्नवर आली, परत ग्लुकोज द्यावं लागलं. त्यानंतर मात्र ती खाली गेली नाही. दुपारी दोनला फरहतची ड्यूटी संपली, पण ती गेली नाही. नोंद लिहायची होती. आणि फरहतचं जे नुकसान सुईनं झालं नव्हतं ते नोंदीनं होणार होतं.

ट्रस्टचा व्यवस्थापक दिनेश ऑफिसातून हातात चष्मा घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाबरलेला असायचा, आणि घाबरलेला माणूस वाईटाच्या वरताण सल्ला देतो. त्यानं दार लोटून घेतलं.

“सिस्टर, एक सांगू? क्विनाईननं साखर उतरते. मॅडमच म्हणाल्या ना? पुस्तकात छापून आहे. मलेरियानंबी उतरते. मग लिहून टाका ना, क्विनाईनमुळे साखर उतरली, वेळेवर उपचार केला, पेशंट सुखरूप. त्यात खोटं काय आहे? बैठक सोळा दिवसांवर आहे. तुमचं नाव पहिल्या नंबरवर आहे.”

सल्ला इतका चोख होता की आपल्यालाच तो सुचला नाही याचं फरहतला वाईट वाटलं. दुसऱ्या खोलीतली आईची खाट तिच्या डोळ्यांसमोर आली, खिडकीखाली.

तिनं कच्च्या कागदावर लिहायला घेतलं. पहिला कागद असा सुरू झाला: ‘गेल्या एकोणीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत माझ्याकडून कधीही...’ मग वॉर्डात चौदा खाटांवर अठरा पेशंट असल्याचं आलं. मग रात्रपाळीच्या सिस्टरनी खाटा बदलल्याचं कळवलं नसल्याचं आलं. मग अशिक्षित पेशंट अंधश्रद्धेपोटी परस्पर खाटा बदलतात, हे आलं. शेवटी साखर क्विनाईनमुळेही उतरली असावी, हेही आलं. दोन पानं भरली. वाचून तिला बरं वाटलं. त्या दोन पानांत सगळा दवाखाना होता, फक्त सुई धरणारा हात कुठेच नव्हता.

तो कागद घेऊन ती मॅडमकडे गेली. मॅडमनी वाचला आणि खणातून लाल पेन काढून तिच्यापुढे ठेवलं.

“मी नाही कापणार. तुम्हीच कापा. नियम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहेत. बिरजूच्या वेळी तर तुम्ही मला वाचून दाखवले होते.”

हे फरहतला झोंबलं. ती उठली, दाराशी गेली, परत आली. दुसरा कागद घेतला आणि रागारागात लिहिलं: ‘माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे एका गरीब आदिवासी रुग्णाचा जीव धोक्यात आला. मी या पदाला लायक नाही.’ आणि मॅडमच्या तोंडासमोर धरला. मॅडमनी तोही वाचला.

“हेही कापा.”

“आता काऊन? कबूलच तं केलं!”

“सिस्टर, दुसऱ्याला शिव्या नको म्हटलं तर तुम्ही स्वतःला घालताय. शिवी ती शिवीच. ह्याच्यात वेळ कुठाय? किती युनिट कुठाय? उद्या प्रियाला हे वाचून काय कळेल? एवढंच कळेल की फरहत सिस्टर वाईट आहे. मग ती म्हणेल, मी चांगली आहे, माझ्याकडून नाही होणार. आणि परवा तिच्याकडूनही होईल.”

फरहत खुर्चीत बसली. लाल पेनाचं टोपण तिनं काढलं, परत लावलं. मग म्हणाली, “क्विनाईनचं काय करू? ते लिहिलं तं दिनेशभाऊच्या मनासारखं होते. नाई लिहिलं तं लपवल्यासारखं होते.”

“‘क्विनाईनमुळे’ हा अंदाज आहे. ‘क्विनाईन चालू आहे’ ही गोष्ट आहे. कारण शोधायचं काम वाचणाऱ्याचं आहे, तुमचं नाही.”

“आणि खाटा बदलल्या ते?”

“तुम्ही बघितलं?”

“नाई. मुन्नाभाऊनं सांगितलं.”

“मग मुन्नाभाऊनं सांगितलं असं लिहा.”

चार वाजेस्तोवर तिनं तिसरा कागद लिहिला. एक वाक्य मात्र ती तीनदा खोडून तीनदा लिहीत होती. ते वाक्य चार शब्दांचं होतं आणि त्याच्याशिवाय बाकीची सगळी नोंद लंगडी पडत होती. सरतेशेवटी तिनं ते लिहिलं आणि सगळं वहीत उतरवलं:

‘दि. १३/१०/२००४. सकाळी ६:३५ वाजता पुरुष वॉर्डात खाट क्र. ८ वरील रुग्ण कोलू यांना रेग्युलर इन्सुलिन १० युनिट त्वचेखाली मी दिले. हे इन्सुलिन रुग्ण मुन्ना यांच्यासाठी लिहिलेले होते. देण्यापूर्वी नाव विचारले नाही. खाटेवरील पाटीवर मुन्ना यांचे नाव होते. ७:१० वाजता मुन्ना यांनी आपल्याला सुई मिळाली नसल्याचे सांगितले. दोघांनी १२ तारखेला सायंकाळी खाटा बदलल्याचे मुन्ना यांनी सांगितले. ड्यूटी देताना-घेताना खाट क्रमांक वाचले गेले, नावे वाचली गेली नाहीत. कोलू यांना १० तारखेपासून क्विनाईन चालू आहे. ७:१२ वाजता कोलू यांना घाम होता, हाक मारल्यास डोळे उघडत होते, साखर ४४. डॉ. सत्यशीला ७:१७ वाजता आल्या. त्यांच्या सांगण्यावरून २५ टक्के ग्लुकोज १०० मिली शिरेतून ७:२० वाजता सुरू. ७:३५ वाजता साखर ११८. १०:०० वाजता ५८, ग्लुकोज पुन्हा दिले. त्यानंतर ४:०० पर्यंत दर तासाची साखर ९६ ते १४०. मुन्ना यांची साखर ७:३० वाजता २६४, इन्सुलिन ७:५० वाजता दिले. कोलू यांच्या पत्नी सोमारी यांना ८:०५ वाजता डॉक्टरांसमोर मी सांगितले, बिरजू यांनी गोंडीत सांगितले. दिलेले औषध व उपचार दोन्ही केसपेपरवर नोंदवले आहेत. — फरहत शेख, स्टाफ नर्स.’

दिनेशनं ते वाचून कपाळाला हात लावला. “सिस्टर, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तुमी. निदान ते नाव विचारलं नाही, तेवढं तरी...”

“विचारलं नव्हतं,” फरहत म्हणाली.

एकोणतीस तारखेला बैठक झाली. तेव्हा रमजान लागलेला. विश्वस्तांसमोर चिवडा होता आणि फरहतचा रोजा होता. नोंद मोठ्यानं वाचली गेली. एका विश्वस्तांनी विचारलं, मग चूक नेमकी कोणाची? मॅडम म्हणाल्या, “काय काय झालं ते सगळं ह्यात आहे. सिस्टरनी नाव विचारलं नाही, ड्यूटीत नंबर वाचतात, मेलेल्याच्या खाटेवर कोणी झोपत नाही, पाटी बदलायचं काम कोणाचंच नाही. ह्यातलं काय काय बदलायचं ते बोलू.” आणि ते बोलले. ड्यूटी नावानं द्यायची असं ठरलं. मृत्यू झालेल्या पेशंटची खाट धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मगच द्यायची असंही ठरलं. आणि प्रत्येक पेशंटच्या मनगटावर नाव लिहिलेली चिकटपट्टी बांधायची, ही फरहतची सूचना मान्य झाली. मनगट तर आपण बघतोच, मग तिथेच नाव असू दे, असं ती म्हणाली.

मेट्रनचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक म्हणजे सहा महिने. फरहत खोलीवर गेली, दार लावलं आणि मनसोक्त रडली. आपण केलं ते बरोबर केलं हे माहीत असूनही रडली. मग रोजा सोडला आणि मूलला फोन लावून आईला सांगितलं की खोली एकच आहे, पण तू ये. आई म्हणाली, बघू.

कोलू मात्र आठवडाभर राहून धडधाकट घरी गेला होता. सोमारीनं गावात काय सांगितलं ते बिरजूच्या कानावर आलं: दवाखान्यातली बाई मनानं चांगली आहे, पण डोक्यानं अधू. रोज चार वेळा माझ्या माणसाला नाव विचारायची आणि रोज विसरायची.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी फरहत मनगटाच्या पट्टीचा नियम लिहायला निळी वही उघडून बसली. पानं मागे गेली आणि बिरजूची नोंद समोर आली. लाल रेघांचं जंगल आणि त्यात उरलेल्या दोन ओळी. सलाईन दहा वीसला संपलं. दहा पन्नासला बिरजूनं पाहिलं. दोन वर्षं तिला वाटत होतं की मॅडमनी जास्त कापलं. आज पहिल्यांदा तिला दिसलं की ह्यात काहीतरी कमी आहे. दहा वीस ते दहा पन्नास बिरजू होता कुठे? हे तिनं त्या दिवशीही विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं. तिनंच त्याला पाठवलं होतं. त्याच्यावर दीड पान लिहिताना तेवढं एक वाक्य तिला सुचलं नव्हतं.

तिनं पेन काढलं. जुन्या ओळींना हात न लावता खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: ‘वरील वेळेत, १०:१५ वाजता, बिरजू यांना मी बाजारातून रॉकेल आणायला पाठवले होते. सलाईनकडे लक्ष ठेवायला दुसऱ्या कोणाला सांगितले नव्हते. — फरहत शेख.’

मग बिरजूला हाक मारली आणि वही त्याच्याकडे फिरवली. तो उभ्यानं वाचू लागला. एकदा वाचलं, परत वाचलं. त्याच्या हनुवटीखालची शीर उडत होती. फरहतनं माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी वहीत बसत नव्हती आणि वहीबाहेर बोलायची तिला सवय नव्हती.

बिरजूनं वही परत टेबलावर ठेवली.

“बाई,” तो म्हणाला, “रॉकेल नोयतं. फिनाईल होतं. तुमाले आठवत नाई तं मले इचारा ना, अंदाजानं काऊन लिहून राह्यल्या?”

फरहतनं ‘रॉकेल’वर एकच रेघ मारली, आतलं अक्षर वाचता येईल अशी. वर ‘फिनाईल’ लिहिलं आणि बाजूला सही केली.

“अजून काही?” तिनं विचारलं.

“हो,” बिरजू खुर्ची ओढून बसत म्हणाला. दोन वर्षांत तो तिच्यासमोर पहिल्यांदा बसला होता. “गेलो होतो सव्वादहालेच. तेवढं बरोबर आहे.”